पडदा काढून घेतल्यावर

व्हिडिओतला आवाज तेवढा वेगळा काढायचा, पुढेमागे थोडं संगीत जोडायचं आणि पॉडकास्टचा भाग म्हणून सोडून द्यायचा, ही पद्धत सध्या सर्रास चालते. खर्च नाही, वेळ लागत नाही आणि एकाच मेहनतीत दोन माध्यमं सांभाळली जातात. मग तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कुणीतरी म्हणतं, "आता हे बघा." ऐकणारा त्या वेळी लोकलची कडी धरून उभा असतो किंवा पोळ्या लाटत असतो. त्याला बघायला काहीच नसतं. एकदोनदा तो चालवून घेतो, मग भाग बदलतो. शेवटी "खाली दिलेली लिंक दाबा आणि बाजूची घंटा वाजवा" हे वाक्य येतं, तेव्हा ते ऐकायला बहुतेक कुणी उरलेलं नसतं.

या पुस्तकात डाव्या पानावर व्हिडिओची संहिता आहे आणि उजव्या पानावर तीच संहिता कानांसाठी नव्याने लिहिलेली आहे. मधे काय घडलं हे पानांवर दिसत नाही. ते सांगणं हे या प्रस्तावनेचं काम. सगळ्या संहितांना स्पर्श करत बसण्यापेक्षा मी एकच घेतो आणि तिच्यातच राहतो: वेरूळच्या कैलास मंदिरावरचा बारा मिनिटांचा माहितीपट. पुस्तकातली ही सगळ्यात अवघड संहिता आहे. कारण कैलास म्हणजे बघण्याचीच गोष्ट, अशी प्रत्येकाची पक्की समजूत असते.

व्हिडिओची संहिता सहसा दोन रकान्यांत लिहितात. डावीकडे दृश्य, उजवीकडे निवेदन. नवखा लेखक साहजिकच उजवा रकाना उचलतो आणि त्यातली वाक्यं दुरुस्त करायला बसतो. खरं काम असतं डाव्या रकान्यात. त्यातही संहितेच्या कागदावर विसंबून चालत नाही, कारण नावाची पट्टी, बाण, नकाशा, पडद्यावर उमटणारे आकडे या गोष्टी पुष्कळदा संकलनाच्या वेळी येतात आणि कागदावर त्यांचा मागमूसही नसतो. म्हणून सुरुवात तयार व्हिडिओपासून करावी, आणि तीही दोनदा. पहिल्यांदा पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐकायचं. जिथे अडखळाल तिथली वेळ कागदावर टिपायची. दुसऱ्यांदा आवाज बंद करून नुसतं बघायचं, आणि ऐकताना जे कळलं नव्हतं पण आता कळतंय ते लिहून काढायचं. या दोन याद्या समोर ठेवल्या की हरवलेल्या गोष्टी दोन जातींच्या असतात हे लगेच लक्षात येतं.

पहिली जात उघड असते. "हे बघा", "इथे", "या बाजूला", "एवढा मोठा", "असा खाली येतो". यांतलं "असा" फार फसवं आहे. निवेदकाने हात हलवून दाखवलेलं असतं, पण नुसतं वाक्य वाचलं तर त्यात काही खटकत नाही. तरी ही जात सोपी, कारण ऐकणाऱ्याला निदान आपलं काहीतरी चुकलं हे कळतं. दुसरी जात मुकी असते, आणि अधिक घातक. निवेदक म्हणतो, "या मंदिराचं काम वरून सुरू झालं." वाक्य शुद्ध आहे, पूर्ण आहे, त्यात "हे बघा" कुठेही नाही. पण पडद्यावर त्या वेळी डोंगरातला खड्डा दिसत असतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात असतं आपल्या गावातलं, जमिनीवर चिरे रचून बांधलेलं देऊळ. "वरून सुरू झालं" म्हणजे कळस आधी रंगवला, असंही तो समजू शकतो. आपण चुकीचं चित्र उभं केलंय याचा त्याला पत्ताच नसतो आणि पुढची अकरा मिनिटं तो त्याच चित्रात वावरतो. अशी वाक्यं पाठ करून ऐकताना सापडत नाहीत, कारण लेखकाला उत्तर आधीच माहीत असतं. त्यासाठी व्हिडिओ न पाहिलेल्या माणसाला आवाज ऐकवावा आणि त्याला काय दिसलं ते कागदावर काढायला सांगावं. चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल. त्यात देऊळ खड्ड्यात आहे की जमिनीवर, एवढं कळलं तरी पुरे.

आता माहितीपटाची पहिली 40 सेकंदं पाहू. डाव्या रकान्यात: ड्रोन दर्शनी भिंतीपासून हळूहळू वर चढतो, मंदिराभोवतीची खोल चौकट उलगडते, खाली पट्टी उमटते, "वेरूळ, लेणे क्र. 16, आठवे शतक". संगीत. उजव्या रकान्यात फक्त तीन वाक्यं: "हे मंदिर बांधलेलं नाही. इथे एकही दगड दुसऱ्यावर ठेवलेला नाही. हा अख्खा डोंगर वरून खाली असा कोरत आणलाय." एकूण 18 शब्द. बाकी सगळं काम ड्रोनने केलेलं आहे, आणि व्हिडिओ म्हणून ते उत्तम झालं आहे.

यावर नेहमी जो पहिला खर्डा येतो, तो दृश्याचं वर्णन वाक्यांत कोंबणारा असतो. "आपण आता आकाशातून पाहतोय, हळूहळू वर जाताना मंदिराचा परिसर दिसू लागतो…" हे वर्णन मंदिराचं नाही, कॅमेऱ्याचं आहे. ऐकणाऱ्याला कॅमेऱ्याशी काहीही देणंघेणं नसतं. त्या दृश्याने काय साधलं होतं, हा विचारण्याजोगा प्रश्न. ड्रोनने एकच गोष्ट पटवली होती: डोंगर आधी, मंदिर नंतर, आणि मंदिर डोंगराच्या पोटातून निघालेलं. हे कानाला पटवायचं तर वर जाऊन भागत नाही, कृती सांगावी लागते. उजव्या पानावरची सुरुवात अशी आहे:

"डोंगराच्या उतारावर उभे आहात असं समजा. पायाखाली काळा, अखंड कातळ. या कातळात दोन बाजूंना आणि मागे असे तीन चर खणायचे आणि खणत खाली जायचं. मधोमध एक भलाथोरला ठोकळा उरतो. कारागीर त्याच्या माथ्यावर चढतात आणि शिखरापासून कोरायला घेतात. शिखर आकाराला येतं तेव्हा मंदिराला भिंती नाहीत, खांब नाहीत, दार नाही. ते सगळं अजून खालच्या दगडात आहे. पाया सगळ्यात शेवटी. हे वेरूळचं कैलास मंदिर. सोळावं लेणं. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कोरलेलं."

शब्द चौपट झाले, पण वेळ जवळजवळ तेवढाच लागतो. सावकाश, समजेल असं मराठी निवेदन मिनिटाला साधारण 110 ते 130 शब्द घेतं. व्हिडिओत ड्रोनला जागा द्यायची म्हणून निवेदक गप्प होता, ती जागा आता मोकळी झाली आहे. दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी चित्रपटाला जे ध्वनिवर्णन जोडतात त्याहून आपलं काम निराळं आहे ते इथेच. तिथे मूळ संवादांना हात लावता येत नाही आणि दोन संवादांच्या फटीत बसेल तेवढंच सांगायचं असतं. आपल्याला अख्खी संहिता मोडायची मुभा आहे. ती न वापरता फटी बुजवत बसणारे लेखक मला कोड्यात टाकतात.

त्या उताऱ्यात मंदिराचं नाव शेवटी आलंय, हेही मुद्दाम. पट्टीवर ते पहिल्याच सेकंदाला होतं आणि तिथे ते योग्यच होतं, कारण डोळ्यासमोर खरं मंदिर होतं. कानाला "मंदिर" हा शब्द आधी दिला की गावातलं देऊळ उभं राहतं आणि मग ते पाडायला चार वाक्यं खर्ची पडतात. आधी डोंगर, मग चर, मग ठोकळा, आणि मंदिर सर्वांत शेवटी. ज्या क्रमाने ते घडलं तोच क्रम ऐकण्यालाही सोयीचा पडला.

डावं-उजवं पान ताडून पाहणाऱ्याला पुढचा बदल खटकेल. माहितीपटात नवव्या मिनिटाला बडोद्याचा ताम्रपट येतो. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्कराजाचा हा लेख इ.स. 812च्या सुमाराचा. कृष्णराजाने एलापूरला उभारलेल्या शिवमंदिराचं वर्णन त्यात आहे. विमानांतून जाणारे देव ते पाहून थक्क होतात, आणि खुद्द तो घडवणारा स्थपती म्हणतो की हे माझ्या हातून झालं तरी कसं. व्हिडिओत ताम्रपटाचं छायाचित्र, त्यावर सरकणारा मजकूर, दहा सेकंदं, संपलं. उजव्या पानावर तो थेट दुसऱ्या मिनिटात आलाय आणि त्याला पाऊण मिनिट दिलंय. कारण ड्रोनने आणखी एक काम केलं होतं: पाहणाऱ्याला अचंबा वाटायला लावला होता. निवेदकाने "अद्भुत", "अचाट", "डोळ्यांचं पारणं फेडणारं" असे शब्द कितीही वापरले तरी ऐकणाऱ्याला अचंबा वाटत नाही. बाराशे वर्षांपूर्वीच्या लेखात कारागीर स्वतःच्या कामाकडे बघून चकित झाल्याचं ऐकलं की वाटतो. विशेषणांनी चित्राची भरपाई करायची नाही, चित्राच्या तोडीची दुसरी वस्तू शोधायची. ती बहुधा त्याच संहितेत कुठेतरी अंग चोरून बसलेली असते.

यानंतर येतो मंदिरातला फेरफटका, आणि इथे बहुतेक संहिता कोसळतात. कॅमेरा उडी मारू शकतो. प्रवेशद्वार, मग शिखराचा माथा, मग जोत्यातले हत्ती, मग रावणाचं शिल्प, परत अंगण. डोळा प्रत्येक उडीनंतर क्षणात भानावर येतो. कानाला उडी झेपत नाही. त्याला एका ठिकाणी उभं करून, तोंड कुणीकडे आहे ते सांगून, पायी न्यावं लागतं. "डावीकडे", "मागे" हे शब्द त्याशिवाय पोकळ आहेत.

मराठी माणसाला देवळातली एक वाट सांगावी लागत नाही, ती म्हणजे प्रदक्षिणा. या संहितेतला मला सगळ्यात आवडलेला निर्णय तो हाच. कैलासाचं प्रवेशद्वार पश्चिमेला आहे, म्हणजे आत शिरताना आपलं तोंड पूर्वेला. समोरच गजलक्ष्मीचं मोठं शिल्प आडवं येतं. तिथून डावीकडे वळायचं, आणि मग शेवटपर्यंत उजव्या हाताला मंदिर, डाव्या हाताला तासलेला कडा. एवढं एकदा सांगितलं की पुढे दिशा सांगायची गरज जवळजवळ संपते. उत्तरेकडच्या अंगणात दगडी हत्ती आणि ध्वजस्तंभ भेटतो. उजवीकडे जोत्यावर नजर टाकली तर मंदिर पाठीवर पेलून उभे असल्यासारखे हत्तींचे थर दिसतात. मग मंदिराच्या मागे यायचं. मग दक्षिण अंग. आणि रावणाचं शिल्प दक्षिणेलाच असल्याने ते आपोआप परिक्रमेच्या शेवटाकडे येतं. व्हिडिओत ते मधेच, पाचव्या मिनिटाला येऊन गेलं होतं.

आकड्यांचंही तसंच. पडद्यावर एका आकृतीत तीन मापं येतात: आवाराची लांबी 276 फूट, रुंदी 154, मागच्या बाजूची खोली 107. शिवाय काढलेल्या दगडाचे टन. डोळा आकृती बघतो, आकडे सोडून देतो, आणि तरी त्याचं काही बिघडत नाही. ऐकणाऱ्याला चारही आकडे सलग सांगितले तर एकही उरत नाही. उजव्या पानावर त्यांतला एकच ठेवलाय, 107, आणि तोही ऐकणारा मंदिराच्या मागे पोचल्यावर: "आता मंदिराकडे पाठ करा आणि समोरच्या कड्याकडे बघत मान वर करा. दहा मजली इमारतीएवढा हा कडा. वरच्या कडेपासून तुमच्या पायापर्यंत सगळं छिन्नी-हातोड्याने उतरवलेलं." इथे "बघत" हा शब्द आलाय, आणि तो चालतो. ऐकणाऱ्याला मनातल्या मनात बघायला सांगणं आणि त्याच्यासमोर नसलेल्या पडद्याकडे बोट दाखवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. "बघा" हा शब्द शोधून सरसकट कापणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

रावणाच्या शिल्पावर व्हिडिओत 25 सेकंदं जवळून घेतलेली दृश्यं आहेत आणि निवेदन चार शब्दांचं: "रावण कैलास हलवतो आहे." दृश्यं लागोपाठ कापलेली, चेहरा, हात, पुन्हा चेहरा. अशा ठिकाणी लेखक वरून खाली किंवा डावीकडून उजवीकडे एकेक मूर्ती मोजत जातो, आणि ते वर्णन पंचनाम्यासारखं होतं. शिल्पात एक घटना गोठलेली आहे, तर ती घटना सांगावी. खाली, गाभ्याच्या अंधारात, रावण अनेक हातांनी पर्वत उचकटायला लागलाय. त्याचा हादरा वर पोचलाय: पार्वती दचकून शंकराकडे झुकली आहे, तिची दासी पळत सुटली आहे. शंकर मात्र जागचा हललेला नाही, त्याने पायाने पर्वत नुसता दाबून धरलाय. कारण आधी, परिणाम नंतर, आणि तीनच तपशील. शिल्पात याहून कितीतरी अधिक आहे. ते सगळं सांगायला घेतलं तर ऐकणाऱ्याच्या मनात काहीच टिकत नाही. गाळायचं काय हे ठरवताना माझी कसोटी साधी आहे: हा तपशील काढला तर पुढचं एखादं वाक्य लंगडं होतं का? होत नसेल तर तो जाऊ द्यावा. चित्रांपैकी बहुसंख्य चित्रं अशीच जातात आणि कुणाला त्यांची उणीव भासत नाही.

मुलाखतींचं काय? माहितीपटात एक अभ्यासक भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणांवर बोट ठेवून सांगतात, "या रेघा अशा तिरक्या खाली येतात, इथे हात बदललाय." त्यांची वाक्यं आपल्याला बदलता येत नाहीत, बदलू नयेतही. निवेदकाने आधी जमीन तयार करायची: "ते आता कड्यापाशी उभे आहेत. दगडावर बोटभर अंतराने तिरक्या रेघा आहेत, आणि एका जागी त्यांचा कल अचानक उलटा होतो." मग तुकडा लावायचा. हे वाक्य तुकड्याच्या आधीच हवं. नंतर दिलेला खुलासा ऐकणाऱ्याला मागे जाऊन जोडता येत नाही. शिवाय पट्टीवरचं नाव गेलेलं असतं, म्हणून बोलणाऱ्याची ओळख तोंडी करून द्यावी, आणि चार मिनिटांनी तो पुन्हा बोलला तर पुन्हा. नुसत्या आवाजावरून माणूस ओळखू येतो हा भ्रम संकलकाला होतो, कारण त्याने तो आवाज शंभरदा ऐकलेला असतो.

ध्वनीबद्दल थोडक्यात. व्हिडिओत छिन्नीचा ठक्‌ठक्‌ आवाज चित्राखाली बेमालूम बसतो. चित्र काढलं की तोच आवाज सुताराचा, घड्याळाचा किंवा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचाही वाटू शकतो. ध्वनी आधी शब्दाने ओळखीचा करून द्यावा, मग वाजवावा. आणि स्टुडिओत तयार केलेला आवाज वेरूळचा म्हणून खपवू नये. चित्रीकरणाला गेलेल्यांनी जागेवरची शांतता, सभामंडपातली पावलं, अंगणातला वारा असं मिनिट-दोन मिनिटं कुणीही न बोलता रेकॉर्ड करून आणलं तर नंतरच्या लेखकावर फार उपकार होतात. सहसा आणत नाहीत.

न दिसणाऱ्या माणसाला जागा कशी सांगायची, हा प्रश्न पॉडकास्टने जन्माला घातलेला नाही. 22 जानेवारी 1927ला बीबीसीने आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड यांच्या फुटबॉल सामन्याचं समालोचन प्रसारित केलं, तेव्हा रेडिओ टाइम्समध्ये मैदानाचा चौकोनांत विभागलेला नकाशा छापला होता. समालोचक खेळ सांगे आणि दुसरा माणूस चेंडू कितव्या चौकोनात आहे ते पुकारत असे. श्रोता घरी कागद समोर घेऊन बसे. आपल्याकडे बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत ज्यांनी क्रिकेट "पाहिलं", त्यांच्या हातात असा नकाशा नव्हता आणि त्यांचं काही अडलंही नाही. आजच्या श्रोत्याचेही हात मोकळे नसतात. म्हणून "आकृती भागाच्या माहितीत दिली आहे" हे वाक्य सोय म्हणून ठीक, पण आकृती न बघता भाग पूर्ण कळत नसेल तर लेखन अपुरं आहे.

काही व्हिडिओ मात्र कानांसाठी लिहूच नयेत. अजिंठ्याच्या चित्रांतल्या रंगछटांची तुलना, मोडी अक्षरांची वळणं, विणकामाचे टाके: यांत सांगण्याचा ऐवजच दृश्य आहे, ते दुसऱ्या कशाचं साधन नाही. अशा वेळी त्याच विषयातली वेगळी गोष्ट निवडून नवा भाग करावा. या पुस्तकात मोडीवरची एक संहिता घेतली आहे, आणि तिचं उजवं पान मला पटलेलं नाही. संपादकांना तसं सांगितलंही आहे. त्यांनी ती ठेवली. वाचकांनी आपलं मत बनवावं.

पुस्तक वापरणाऱ्यांना एक विनंती. डावं पान वाचून झालं की उजवं लगेच उघडू नका. ते कोऱ्या कागदाने झाका आणि पहिल्या एका मिनिटाचं निवेदन स्वतः लिहा, साधारण 120 शब्द. घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा आणि त्यांना काय दिसलं ते विचारा. उजवं पान त्यानंतर उघडा.